सतरा नंबरची गोधडी

दोघींनी पाठवलेले स्क्रीनशॉट अजून माझ्या फोनमध्ये आहेत. दोन्हींवर वेळ तीच, दुपारचे ३ वाजून ३४ मिनिटं. पुण्याच्या ताईंच्या स्क्रीनवर त्यांचं ‘बुक १७’ वर आहे आणि कोकणातल्या काकूंचं खाली. काकूंच्या स्क्रीनवर बरोबर उलटं. दोघीही खरं बोलत होत्या, हे माझ्या लक्षात यायला दुसरा दिवस उजाडला.

आम्ही साताऱ्याजवळच्या गावांतल्या बायकांनी हाताने शिवलेल्या गोधड्या विकतो. महिन्यातून एक लाइव्ह, २ ते १० तारखेच्या आत, कारण त्यानंतर पगाराचे पैसे घरखर्चात गेलेले असतात. वेळ दुपारी ३. जेवणाची भांडी आवरलेली असतात आणि मुलं शाळेतून यायची असतात. त्या वेळात ज्या बायका बघतात त्या खरोखर घेणाऱ्या असतात. रात्री ९ ला बघणारे दुप्पट असतात, पण घेणारे कमी, हे आम्ही दोन्ही वेळा करून पाहिलं आहे.

लाइव्ह तासाभराचा आणि त्याची तयारी दोन दिवसांची. प्रत्येक गोधडीची लांबी-रुंदी मोजायची, वजन करायचं, तिला नंबराचा पुठ्ठा टाचायचा आणि सगळं वहीत लिहायचं. वजन का? ‘जड आहे का हो?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो, आणि ‘मध्यम’ असं उत्तर दिलं की गोधडी परत येते. १ किलो ९०० ग्रॅम म्हटलं की समोरची आपल्या घरातल्या पांघरुणाशी ताडून बघते. उजेडासाठी मी फक्त खिडकी वापरते, वर पांढरी चादर ताणून. रिंगलाइट लावला की जांभळा रंग कॅमेऱ्यात निळा दिसायला लागतो. गोधडीत तर आठ-दहा साड्यांचे रंग शेजारी शेजारी असतात. एक चुकला की सगळीच वेगळी दिसते.

क्रमही ठरलेला. पहिली दहा मिनिटं बटवे आणि बाळाची दुपटी, कारण लाइव्ह सुरू झाल्याची सूचना लोकांपर्यंत हळूहळू पोचते. चांगल्या गोधड्या साधारण अर्ध्या तासानंतर. शेवटपर्यंत राखून ठेवल्या तर बघणाऱ्या उठून गेलेल्या असतात.

सतरा नंबर मी मुद्दाम तिथे ठेवली होती. वरचा थर जुन्या सुती लुगड्याचा, हिरवा, अनेक धुण्यांनी मऊ झालेला. आत चार थर, सगळे सुती. हल्ली आत पॉलिस्टर साडी घालून वजन भरतात, तिने घाम टिपला जात नाही आणि गोधडी अंगाला चिकटते. मी तशा गोधड्या घेत नाही, त्यावरून शिवणाऱ्या बायकांशी माझे वादही झाले आहेत. ही शिवणाऱ्या मावशींनी कडेपासून आत अशा चौकोनी फेऱ्या धावदोऱ्याने घातल्या होत्या आणि मधोमध येईपर्यंत दोन ओळींतलं अंतर बोटभरसुद्धा हललं नव्हतं. वीस दिवसांचं काम. किंमत ३,८०० रुपये. मी ती उलटीपालटी करून, टाके कॅमेऱ्याजवळ नेऊन दाखवली आणि म्हटलं, “हवी असेल त्यांनी बुक १७ लिहा.”

माझ्या फोनवर पहिलं नाव ताईंचं आलं. मी लगेच मोठ्याने जाहीर केलं. शेजारी जाऊबाई दुसऱ्या फोनवर तोच लाइव्ह बघत वही भरत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वही पुढे केली. त्यांच्या फोनवर काकूंचं नाव आधी आलं होतं.

लाइव्ह चालू होता, सव्वाशे माणसं बघत होती. बोललेला शब्द मी मागे घेतला नाही. काकूंचा मेसेज लगेच आला: “मुलीचं बाळंतपण आहे गं, तिच्यासाठी हवी होती. माझ्या फोनवर माझंच आधी आहे.”

दुसऱ्या दिवशी जाऊबाई आणि मी प्रयोग केला. मी लाइव्हमध्ये टाळी वाजवायची आणि घरातल्या दुसऱ्या फोनवर ती कधी दिसते ते मोजायचं. घरच्या वायफायवर नऊ सेकंद लागले. त्याच फोनचं वायफाय बंद करून मोबाइलच्या नेटवर बघितलं तर सतरा. म्हणजे मी ‘लिहा’ म्हणते तेव्हा चांगलं नेट असलेली बाई ते आधी ऐकते आणि कोकणात वाडीतल्या घरात बसलेली काही सेकंद उशिरा. काकूंचा हात ताईंपेक्षा चपळ चालला असणार, तरी त्या मागे पडल्या. शिवाय आपण लिहिलेलं आपल्या स्क्रीनवर तिथल्या तिथे दिसतं, दुसऱ्यांचं मात्र फिरून येतं. म्हणून प्रत्येकीला आपणच पहिल्या दिसतो. कोणतं नाव किती सेकंदांनी आलं हे अ‍ॅप दाखवत नाही, नुसतं ‘१ मिनिटापूर्वी’. एकच नग असणाऱ्या मालासाठी ही सोय कुणीच विचार करून केलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे कळल्यावर मी काकूंना फोन करायला हवा होता. मी केला नाही. म्हटलं, विषय संपला आहे, कशाला उकरायचा.

आमचा नियम असा: बुकिंगनंतर दुसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत पैसे, नाहीतर नग वहीतल्या पुढच्या नावाला. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट आम्ही धरत नाही, बँकेत जमा झालेले बघतो, कारण खोटे स्क्रीनशॉट दोनदा आलेले आहेत. त्या लाइव्हला २६ बुकिंग झाली, १२ वाजेपर्यंत १९ जणींचे पैसे आले. न आलेल्यांत ताई होत्या. त्या आमच्याकडून वर्षभर घेणाऱ्या. “उद्या करते गं” म्हणाल्या आणि मी थांबले. दुसऱ्या कुणासाठी मी थांबले नसते. त्या दिवशी बाकीच्या सहा नगांसाठी मी पुढच्या नावांना बिनदिक्कत मेसेज केले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईंचा मेसेज आला: घरी इतकी पांघरुणं आहेत, हे नको म्हणताहेत, सॉरी.

मी काकूंना फोन लावला. सगळं सांगितलं, टाळीचा प्रयोगसुद्धा. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “अगं, मी परवाच पेटी उघडली. माझी तीन लुगडी आणि सासूबाईंचं एक निघालं. सुरुवात केलीय. आता तुझी घेऊन काय करू?” आणि मग विचारलं, कोपऱ्यात फेरी वळवताना कापड गोळा होतंय, ते कसं सांभाळायचं. मला शिवता येत नाही. मी मावशींना फोन जोडून दिला. दोघी पाऊण तास बोलत होत्या.

आता आम्ही मोठ्या गोधड्यांना ‘पहिलं नाव’ बंद केलं आहे. दाखवून झाली की जाऊबाई पूर्ण एक मिनिट मोजतात, तेवढ्यात आलेली सगळी नावं चिठ्ठ्यांवर, आणि चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर उचलायची. लाइव्ह वीस मिनिटांनी लांबतो. नेहमीच्या दोघी-तिघींना हे आवडलेलं नाही, त्यांना वाटतं जुन्या गिऱ्हाइकांचा मान राहिला नाही. पैशांसाठी १२ ची वेळ आता सगळ्यांना सारखी आहे.

सतरा नंबर कपाटात आहे, कडुलिंबाचा पाला घालून. मावशींचे पैसे मी त्याच आठवड्यात दिले. दोन लाइव्ह होऊन गेले, दोन्ही वेळा मी ती बाहेर काढली, वहीत नवा नंबर लिहिला आणि सुरू करायच्या आधी पुन्हा आत ठेवली. जाऊबाई विचारत नाहीत.