निपाणीहून परीक्षा विभागापर्यंत: पेपर पुन्हा तपासायला टाकणार असाल तर आधी हे वाचा

निपाणी, चिकोडी, खानापूरकडून जे निकालानंतर बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात धावणार आहेत त्यांना आधीच सांगते, कागदावरचा अर्ज घेऊन जाऊ नका. "स्वतः नेऊन द्या, काम लवकर होतं," असं कॉलेजात सांगितलं म्हणून मी गेले. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज उलटूनही पाहिला नाही. "मेल माड्री," म्हणजे मेल करा, एवढंच म्हणाल्या आणि भिंतीवरच्या नोटिशीकडे बोट दाखवलं.

जावंच लागलं तर कर्नाटकाची साधी गाडी बघून चढा. कोल्हापूरहून येणाऱ्या आंतरराज्य गाडीत शक्ती योजनेचं फुकटचं झिरो तिकीट मिळत नाही, मुलींनाही पूर्ण पैसे पडतात. साध्या गाडीत कर्नाटकाचा पत्ता असलेलं आधार दाखवलं की झालं.

खरा फटका बसला तो स्टँडजवळच्या एका सायबर सेंटरात. "फॉर्म, मेल सगळं करून देतो," म्हणत त्या माणसाने विद्यापीठाच्या फीशिवाय वर ३०० रुपये घेतले. ते एक वेळ सोडून दिलं असतं. पण मेल त्याने सेंटरच्या आयडीवरून पाठवला आणि मोबाईल नंबरही स्वतःचाच टाकला. म्हणजे पोच, हरकत, उत्तर, सगळं त्याच्याकडे जाणार आणि मी घरी वाट बघत बसणार. पोचपावतीवर नंबर वाचला तेव्हा लक्षात आलं. विचारल्यावर तो म्हणाला, "सगळ्यांचं असंच करतो." अशा ठिकाणी फक्त स्कॅन करून घ्या, बाकी कशालाही हात लावू देऊ नका. मेल स्वतःच्या आयडीवरूनच जायला हवा.

मेलमधली खरी मेहनत कारण लिहिण्यात आहे. "माझा पेपर चांगला गेला होता, मार्क कमी पडले" या वाक्याला काही किंमत नाही. त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवा. तिची मुदत वेगळी असते, फीही वेगळी, आणि मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात. माझा विषय कॉस्ट अकाउंटिंग, लेखी ६० पैकी १९. झेरॉक्स आली तेव्हा पहिल्या पानावरच्या मार्कांच्या तक्त्यात प्रश्न ७ ची चौकट कोरी होती. सातव्याचं उत्तर मी शेवटी, २२ ते २४ या पानांवर लिहिलं होतं आणि त्या पानांवर लाल शाईचा एक ठिपकाही नव्हता. चौथ्यात प्रोसेस अकाउंट दोन्ही बाजूंनी जुळत होतं, तरी १० पैकी २.

इथे दोन गोष्टींत गल्लत करू नका. रीटोटलिंगमध्ये बेरीज चुकली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच बघतात. दिलेले मार्क कमी वाटत असतील तर रीव्हॅल्युएशनच मागावं लागतं, त्यात दुसरे परीक्षक पेपर तपासतात. माझ्या चौथ्या प्रश्नासाठी तेच हवं होतं.

मेल इंग्रजीत लिहा, तिथे तो सगळ्यांना वाचता येतो. सब्जेक्टच्या ओळीतच रीव्हॅल्युएशन, कोर्स, सेमिस्टर आणि सीट नंबर टाका, म्हणजे ढिगात सापडतो. माझ्या मेलचा मजकूर मराठीत सांगायचा तर असा:

"माननीय परीक्षा नियंत्रक, मी बी.कॉम. चौथ्या सेमिस्टरची विद्यार्थिनी. सीट नंबर, कॉलेजचं नाव, परीक्षेचा महिना व वर्ष, विषय आणि प्रश्नपत्रिकेचा कोड खाली देत आहे. प्रश्न ७ (पाने २२ ते २४) तपासलेला दिसत नाही, पहिल्या पानावर त्याची चौकट कोरी आहे. प्रश्न ४ मधील खाते जुळत असूनही २ गुण आहेत. कृपया पुनर्मूल्यांकन करावे. फी भरल्याचा व्यवहार क्रमांक व तारीख सोबत दिली आहे."

याच्यापुढे एक ओळही नको. रडगाणं नको, घरची परिस्थिती नको. सीट नंबर हॉल तिकिटावरचा घ्या, कॉलेजचा रोल नंबर चालत नाही, आणि नाव मार्क्स कार्डावर जसं आहे तसंच, इनिशियलसकट. हॉल तिकीट, निकालाची प्रिंट, फीची पावती आणि फक्त त्या वादाच्या पानांची झेरॉक्स, हे सगळं एकाच पीडीएफमध्ये जोडा आणि फाईलला सीट नंबरचंच नाव द्या. मोबाईलवर काढलेले वाकडेतिकडे फोटो पाठवलेत तर ते कुणी जुळवत बसणार नाही. कॉलेजच्या प्राचार्यांना सीसीमध्ये ठेवा.

माझे १९ चे २९ झाले! सातव्याला ७ मिळाले, चौथ्यात ३ वाढले. मेल वाचला तेव्हा मी दुकानात उभी होते, तिथेच ओरडले.

पण उत्तर यायला इतका वेळ लागला की मधे बॅकलॉगच्या फॉर्मची शेवटची तारीख येऊन गेली. तो फॉर्म मी भरून ठेवला होता. तुम्हीही भरा, मार्क वाढणार अशी कितीही खात्री असली तरी. आणि जुनं मार्क्स कार्ड जपून ठेवा, ते परत दिल्यावरच कॉलेजमधून नवं हातात पडलं.