उपचार एका गाईवर, दगडी मात्र अख्ख्या रांगेत

इंटर्नशिपच्या दुसऱ्या महिन्यात मला १८ दुभत्या गायींचा एक गोठा बघायला मिळाला. पहिल्याच दिवशी मालक काका ४१७ नंबरच्या गाईपाशी घेऊन गेले. चौथ्या वेताची गाय, मागचा डावा सड सुजलेला आणि हाताला गरम. पहिली धार काळ्या स्ट्रिप कपात घेतली तर पातळ, पाणचट दूध आणि त्यात पांढऱ्या गुठळ्या. काका म्हणाले, "डॉक्टर, हिला दगडी झाली." निदान त्यांनीच केलं होतं. मी सडात अँटिबायोटिकच्या ट्यूब सोडल्या, कोर्स पूर्ण केला, दूध किती दिवस विकायचं नाही ते सांगितलं. सूज उतरली, गुठळ्या गेल्या. गाय बरी झाली असं मी मनापासून मानलं.

तीन आठवड्यांनी तोच सड पुन्हा सुजला. मी औषध बदलून पुन्हा कोर्स दिला, पुन्हा फरक पडला. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मात्र मी थेट आमच्या सरांकडे गेलो. त्यांनी औषधाचं नावही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "बाकीच्या १७ गायींचं दूध तपासलंस?"

तपासलं नव्हतं. त्यांचं दूध डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं, कास मऊ होती, खाणंपिणं नीट होतं. तपासायचं काय, असंच मला वाटलं होतं. कासदाहाचा, म्हणजे दगडीचा, मोठा भाग असाच, डोळ्यांना न दिसणारा असतो हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं, पण गोठ्यात उभा असताना ते मला आठवलं नाही. नव्याने शिकणाऱ्यांनी माझ्या या अनुभवातून एवढी एक गोष्ट घेतली तरी पुरे: सुप्त कासदाहात दूध दुधासारखंच दिसतं, फक्त त्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. निरोगी सडाच्या दुधात या पेशी, म्हणजे सोमॅटिक सेल, साधारणपणे दर मिलिलिटरला २ लाखांच्या आत असतात. जंतू आत शिरले की त्यांच्याशी लढायला रक्तातून पेशी कासेत उतरतात आणि आकडा कित्येक लाखांवर जातो. हे गोठ्यातच पकडायचं साधन म्हणजे सीएमटी, कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या दोहनाला सर आणि मी दोघंही हजर होतो. चार वाट्यांचं पॅडल, प्रत्येक वाटी एका सडासाठी. पहिल्या एकदोन धारा टाकून द्यायच्या, मग प्रत्येक वाटीत साधारण २ मिली दूध घ्यायचं आणि तेवढंच द्रावण घालायचं. नंतर पॅडल आडवं धरून सुमारे १० सेकंद गोल फिरवायचं आणि फिरतं असतानाच वाचायचं, कारण हलकी प्रतिक्रिया थोड्याच वेळात विरून जाते. पहिल्या दोन गायींच्या वेळी मी पॅडल थांबवून, डोळ्यांजवळ आणून बघत होतो. तेवढ्यात जे दिसायचं ते निघून जात होतं. सरांनी हाताला धरून सवय लावली.

द्रावणातला डिटर्जंट पेशी फोडतो आणि त्यांच्यातला डीएनए बाहेर येऊन दूध घट्ट होतं. म्हणजे वाटीत दिसणारा तो जेल पेशींचाच असतो, जंतूंचा नव्हे. निरोगी सडाचं मिश्रण पाण्यासारखं वाहतं. थोडं बिघडलेलं असेल तर तळाशी तार धरल्यासारखं दिसतं. ४१७ च्या मागच्या डाव्या सडाचं मिश्रण मात्र फिरवताच वाटीच्या मधोमध गोळा झालं आणि पॅडल तिरकं केल्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं एकसंध घसरलं. ते एकदा पाहिलं की विसरत नाही. आश्चर्य पुढच्या गाईने दिलं. तिच्या कासेत काहीही दिसत नव्हतं, आणि दोन वाट्या तशाच घट्ट झाल्या.

एकूण ७२ सडांपैकी २ आधीच बाद झालेले होते. उरलेल्या ७० पैकी २१ सड पॉझिटिव्ह निघाले, तेही १२ गायींमध्ये. आजारी 'दिसत' होती ती एकच.

सरांनी मला गायींची यादी नंबरानुसार लिहू दिली नाही. दूध ज्या क्रमाने काढतात त्या क्रमाने लिहायला लावली. कागद पूर्ण झाला आणि कारण समोर आलं. ४१७ रांगेत पाचवी होती. तिच्या आधीच्या चार गायींत मिळून फक्त एक सड, तोही हलका पॉझिटिव्ह. तिच्यापासून पुढच्या १४ गायींत मात्र ११ गायी पॉझिटिव्ह.

मग आम्ही संध्याकाळचं दोहन नुसतं उभं राहून पाहिलं. एक दादा पुढे जाऊन कास पुसून पान्हा आणायचे, दुसरे मागून मशीन लावायचे. कास पुसायला बादलीभर पाणी आणि एकच फडकं. फडकं बुडवलं, पिळलं, पुसलं, पुढची गाय. दादा मन लावून काम करत होते, एकही कास घाण राहू देत नव्हते. पण ४१७ च्या सडावरून निघालेला तो ओलावा सहाव्या गाईच्या सडाच्या तोंडावर जाताना मी पाहिला. मशीनच्या रबरी लायनरला, म्हणजे सडावर बसणाऱ्या नळीला, आतून बारीक भेगा होत्या. रबरी लायनर साधारण २५०० दोहनांनंतर बदलायचे असतात. इथे सडांना लावायचे दोन संच, म्हणजे क्लस्टर, होते, म्हणजे प्रत्येकाची रोजची १८ दोहनं, म्हणजे साडेचार महिन्यांत बदल हवा. वर्षभर कुणी बदलले नव्हते.

फडक्याने आणि लायनरने काय पसरलं, हे कळायला दुधाचं कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत त्यातले जंतू वाढवून पाहणं, लागणार होतं. नमुने घेताना माझी सर्वात जास्त फजिती इथेच झाली असती, कारण नमुन्यात शेणाचा एक कण गेला तरी प्रयोगशाळेत भलतेच जंतू वाढतात. सडाचं टोक ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने घासायचं आणि बोळा स्वच्छ निघेपर्यंत नवा घ्यायचा. पुसताना आधी पलीकडचे सड, मग अलीकडचे. नमुना घेताना उलट, आधी अलीकडचे, म्हणजे पुसलेल्या सडाला आपला हात लागत नाही. निर्जंतुक बाटली आडवी धरायची, झाकणाची आतली बाजू खाली करून बोटांत धरायची, पहिल्या धारा सोडून द्यायच्या आणि बाटली लगेच बर्फात ठेवायची.

२१ पैकी १३ सडांत, ८ गायींमध्ये, स्टॅफिलोकॉकस ऑरियस सापडला. या आठही गायी रांगेत ४१७ च्या नंतरच्या. तीन सडांत इतर जंतू, पाचांत काहीच नाही. या पाचांत ४१७ चा सड होता! मी चक्रावलो. सरांनी तारीख विचारली. तिची शेवटची ट्यूब चारच दिवसांपूर्वीची होती, म्हणजे दुधात औषध होतं आणि जंतू प्लेटवर वाढलेच नाहीत. नमुना औषधाच्या आधी घ्यायचा असतो. तीन आठवड्यांनी पुन्हा घेतला तेव्हा तिच्याकडेही तोच ऑरियस निघाला. शिवाय हा जंतू दुधात सतत पडत नाही, मधूनमधून पडतो. त्यामुळे एका निगेटिव्ह रिपोर्टवर सड निर्दोष ठरवता येत नाही.

माझा उपचार का टिकला नाही तेही आता समजलं. ऑरियस कासेच्या आतल्या भागात छोटे गळू करून बसतो, भोवती तंतू वाढतात आणि औषध तिथवर पुरेसं पोहोचत नाही. जुना संसर्ग असेल, गाय वयस्क असेल, तर दुधात असताना दिलेली ट्यूब लक्षणं घालवते, जंतू नाही. दोहन झाल्यावर रिकामी कास दाबून पाहिली की अशा सडाच्या वर आत घट्ट गाठ लागते. ४१७ ला ती लागत होती. मी तिची कास कायम दोहनाआधी, भरलेली असताना तपासत आलो होतो.

म्हणून औषधाची पेटी बाजूला ठेवून आधी पसरणं थांबवलं. प्रत्येक गाईला वेगळा, कोरडा कापड. वापरून झाला की थेट धुवायला. लायनर नवे. दोहन संपताच प्रत्येक सड आयोडीनच्या द्रावणात पूर्ण बुडवायचा, नुसतं टोक नाही, कारण जंतू सडाच्या कातडीवरही असतात. धार काढल्यावर सडाचं तोंड निदान अर्धा तास उघडं असतं, म्हणून त्या वेळात गाय बसू नये यासाठी चारा दोहनानंतर टाकायला लावला. आणि रांग बदलली: पहिलारू गायी आधी, निगेटिव्ह त्यांच्यामागे, ऑरियसवाल्या शेवटी. रांग बदलणं काकांना सर्वात जड गेलं. गायींना जागेची सवय असते, पहिले आठ दिवस त्या पान्हा नीट सोडत नव्हत्या. काका वैतागले होते, पण मागे फिरले नाहीत.

पॉझिटिव्ह गायींचा खरा उपचार आटवताना केला. शेवटचं दोहन झालं की चारही सडांत भाकड काळाच्या लांब टिकणाऱ्या ट्यूब. ट्यूबची नळी पूर्ण आत खुपसायची नाही, टोक काही मिलिमीटरच आत जाऊ द्यायचं. सडाच्या नलिकेत केराटिनचा थर असतो, नळी खोल घातली तर तोच खरवडला जातो आणि बाहेरचे जंतू आत ढकलले जातात. ४१७ च्या दोन सडांत आता गाठी होत्या. तिला कळपातून काढायचं ठरलं. आजारी गाय दुधात ठेवून उरलेल्या गोठ्याला धोका देणं परवडणारं नव्हतं, तरी तिला बाहेर नेताना काका गोठ्याकडे पाठ करून उभे होते.

पुढे दर महिन्याला सीएमटी केली. पहिल्या महिन्यात २ सड नव्याने पॉझिटिव्ह आले, दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यात एकही नाही. जुन्यांपैकी बरेच तसेच होते आणि ते तसे राहणार हे मी काकांना आधीच सांगून ठेवलं होतं. आटवलेल्या दोन गायी व्यायल्यावर मी लगेच पॅडल घेऊन धावलो नाही. चिकाच्या दिवसांत पेशी तशाही वाढलेल्या असतात आणि निरोगी सडही पॉझिटिव्ह दिसतो, म्हणून आठवडाभर थांबलो. आधी खराब असलेल्या त्यांच्या पाच सडांपैकी चारांचं मिश्रण पाण्यासारखं वाहिलं. पाचवा घट्टच आला, कल्चरमध्येही ऑरियस. ती गाय रांगेत शेवटीच राहिली.