तुम्ही विचारलंत म्हणून: स्वस्त तारीख आणि पुढचं विमान

“कॅलेंडरमध्ये स्वस्त तारीख समोर दिसतेय, तरी तुम्ही आम्हाला महागाचं तिकीट का घ्यायला लावता?”

कारण Google Flights च्या कॅलेंडरमधला तो हिरवा आकडा त्या दिवशीच्या सगळ्यात स्वस्त तिकिटाचा असतो, मग ते अठरा तास कुठेतरी बसवून ठेवणारं असो नाहीतर दोन वेगळी तिकीटं जोडून बनवलेलं असो. म्हणून मी आधी तारीख बघतच नाही. Stops मध्ये जास्तीत जास्त एक थांबा, मग प्रवासाचे एकूण तास, हे लावून घेते आणि त्यानंतर Date grid उघडते. तेव्हा आकडे वर जातात आणि घरचे म्हणतात, बघा हिने महाग केलं. महाग मी नाही केलं, नको ती विमानं बाजूला काढली एवढंच. आता जी तारीख स्वस्त दिसते ती खरी स्वस्त. जायचं आणि यायचं दोन्हीकडे दोन-तीन दिवस मागेपुढे सरकून बघा, नुसता शुक्रवारचा बुधवार केला तरी बऱ्याचदा फरक पडतो.

आता मावशीचं सांगते, कारण त्यावरूनच सगळे मला घाबरट म्हणतात.

मावशी-काका जानेवारीत टोरांटोला लेकीकडे निघाले होते. मावसभावाने ओझर ते दिल्ली एक तिकीट काढलं आणि दिल्ली ते टोरांटो जाऊन-येऊन दुसरं, दुसऱ्या कंपनीचं. मुंबईवरून सगळं एकाच तिकिटावर घेतलं असतं तर माणशी 11,000 जास्त जात होते, वर कसाऱ्याचा घाट उतरून जायची कटकट, त्यामुळे त्याचंही चूक म्हणवत नाही. मध्ये चार तास होते. चार तास खूप वाटतात.

सकाळी मावशीचा ओझरहून फोन, “अगं, आमचं विमान अजून दिल्लीहूनच निघालं नाहीये म्हणतात.” ही गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. ओझरला विमान आपली वाट बघत उभं नसतं, ते दिल्लीहून येतं आणि तेच आपल्याला घेऊन परत जातं, म्हणजे दिल्लीत धुकं पडलं की नाशकात लख्ख ऊन असलं तरी आपण अडकलो. तीन तासांवर उशीर झाला. दिल्लीला उतरून पट्ट्यावरून बॅगा घ्यायच्या, बसने दुसऱ्या टर्मिनलला जायचं, आणि परदेशी विमानाचं काउंटर सुटायच्या तासभर आधीच बंद होतं. काका व्हीलचेअरवर. विमान अजून उभं होतं पण काउंटर बंद.

दुसऱ्या कंपनीच्या हिशेबी ते प्रवासी आलेच नाहीत. पहिलं विमान का उशिरा आलं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, आणि पहिली कंपनी म्हणते आम्ही तुम्हाला दिल्लीला पोचवलं, हवामानाची भरपाई नसते. त्याहून वाईट म्हणजे जाण्याचा टप्पा चुकला की त्याच तिकिटावरचा परतीचाही रद्द होतो, हे मावशी-काकांना तिथे काउंटरवर कळलं. दोघांची तिकीटं नव्याने काढली, त्यात वाचवलेले पैसे कितीतरी पटीने गेले. मावशी फोनवर रडत होती आणि मी इथे कॉलेज रोडला बसून काहीही करू शकत नव्हते. हेच एका तिकिटावर असतं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची असती. उशीर तेव्हाही झाला असता, पण पैसे गेले नसते.

तेव्हापासून Self transfer असं कुठे दिसलं की मी पान बंद करते. आणि बुकिंगच्या आधी दोनच गोष्टी बघते, सगळ्या टप्प्यांना मिळून एकच पीएनआर आहे का आणि बॅग शेवटच्या गावापर्यंत टॅग होणार का. अमेरिका-कॅनडात पहिल्या विमानतळावर बॅग हातात घेऊन परत द्यावी लागू शकते, ते वेगळं.

अलर्टचंही तसंच. नुसत्या मार्गावर लावला तर कुठल्यातरी भलत्याच जोडणीचा भाव पडला की मेल येतो आणि जीव वरखाली होतो. मला चालणारं विमान निवडून, त्याच्या पानावर जाऊन तिथलं Track prices चालू करते. मग मेल आला की तो माझ्याच विमानाचा असतो. तरी मेलमधला भाव पान उघडेपर्यंत बदललेला असू शकतो, आणि चौघांचं तिकीट असेल तर शोधताना चौघंच टाका, कमी भावाच्या दोनच जागा उरल्या असतील तर एकट्यासाठी दिसणारा आकडा चौघांना मिळत नाही.

पण मग शेजारचा पुण्यात शिकणारा मुलगा दोन वेगळी तिकीटं काढतो, दिल्लीत मित्राकडे एक रात्र राहतो, पाठीवर एकच सॅक, आणि बरेच पैसे वाचवतो. त्याला काय सांगू? पूर्वी मी सरसकट नाही म्हणायचे, आता तसं म्हणवत नाही. मध्ये अख्खी रात्र असेल तर धुक्यालाही जागा उरते. मग तोच नियम मावशीला का नाही, असं भाऊ विचारतो, आणि हॉटेल, टॅक्सी, काकांची औषधं धरून मी हिशेब मांडते तर कधी 11,000 च्या वर जातो, कधी नाही जात.

यंदा मावशीला परत जायचंय, मार्चमध्ये. ती म्हणते ओझरवरूनच, घाट नको. मी दोन्हीकडचे अलर्ट लावलेत, ओझरहून एकाच पीएनआरवर मिळतंय का तेही रोज बघतेय, आणि भावाशी रोज वाद चालूच आहे.