शिरोरेषेखाली दडलेला ‘ध’

पूर्वपरीक्षा जवळ आली की दहावीची मुलं निबंध लिहून वहीच्या पानांचे फोटो मला पाठवतात. मी सांगलीत मराठी शिकवते. गेल्या वर्षी पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या गावातल्या एका मुलीने पाठवलेला ‘मी अनुभवलेला पूर’ माझ्या अजून लक्षात आहे. २०१९च्या पुरात ती लहान होती, पण तिला सगळं आठवत होतं.

फोटो उघडला आणि पान वाचताच येईना. अशा वेळी मी आधी वहीच्या छापील रेघा बघते. त्याही पुसट असतील तर दोष फोटोचा, आणि रेघा स्वच्छ असून अक्षर लागत नसेल तर दोष अक्षराचा. इथे उजव्या बाजूला रेघाच फिसकटल्या होत्या. शिवाय कागद पाठपोट लिहिलेला, त्यामुळे मागच्या शाईचे ठिपके अनुस्वारासारखे दिसत होते. तिला सांगितलं, “खिडकीपाशी वही सपाट ठेव, पानाखाली काळा कागद घाल, मोबाईल बरोबर वरून धर आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव.” व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो बारीक होतो आणि काना-मात्रांचे तपशील जातात.

नवा फोटो स्वच्छ आला. आता अक्षर बाजूला ठेवून मी फक्त आशयासाठी वाचलं. सुरुवातीच्या सहा ओळी पावसाळा, निसर्गाचा कोप, बळीराजा यांवर. त्या कुठल्याही गावच्या मुलीने लिहिल्या असत्या. मग मध्येच एक वाक्य आलं: बाबा दर तासाला भिंतीवर कोळशाने रेघ मारत होते आणि चुलते फोनवर विचारत होते, “आयर्विनला किती झालं?” आयर्विन म्हणजे सांगलीतला कृष्णेवरचा पूल, पुराच्या पाण्याची पातळी तिथे मोजतात. सांगलीकडच्या माणसाला याहून जास्त काही सांगावं लागत नाही. निबंध इथूनच सुरू कर, असं मी तिला लिहिलं.

मांडणीची अडचण त्याच भागात होती. अंगणात पाणी शिरलं त्या पहिल्या रात्रीच तिने आयर्विन पुलापाशी ५७ फूट लिहिलं होतं. तो त्या पुराचा अगदी वरचा आकडा, तो काही दिवसांनी आला. धोक्याची पातळी ४५ फूट. आधी बोट आली, मग पाणी अंगणात शिरलं, मग पुन्हा बोट, असा घटनांचा क्रमही उलटसुलट होता आणि सबंध निबंधात परिच्छेद एकच. नवीन काही सुचवण्याऐवजी तिला समासात प्रत्येक प्रसंगाला घडला त्या क्रमाचा आकडा घालायला सांगितलं. आकडे घातल्यावर परिच्छेद कुठे तोडायचे ते तिचं तिलाच दिसलं.

अक्षर मी शेवटी घेतलं. एका ओळीत स्पष्ट वाचता येत होतं, “आम्ही आजीचा हात घरून निघालो.” पुढे “दोर घरून”, “डोळे मरून आले”. तपासणारा याला सरळ अशुद्धलेखन म्हणेल. पण या मुलीला ‘धरून’ लिहिता येत नसेल, हे मला पटेना. म्हणून मी तिचे सगळे ध आणि भ शोधले. एक शब्द तिने घाईत खोडला होता, त्यावर शिरोरेषा पोहोचली नव्हती आणि तिथला ध अगदी बरोबर होता. कारण सापडलं: ती आधी सगळी ओळ लिहायची आणि शेवटी पट्टीने आखावी तशी एका दमात शिरोरेषा ओढायची. ध आणि भ यांच्या डोक्यावर डावीकडे जी मोकळी जागा लागते, तीच त्या रेघेखाली जात होती. ध चा घ, भ चा म. दोन शब्दांमधली फटही रेघेने सांधली जात होती, त्यामुळे सगळं पान गिचमिड वाटत होतं.

“अक्षर सुधार” असं मी कुणालाच लिहीत नाही, त्यातून मुलाला करायला काहीच मिळत नाही. तिला लिहिलं, “पान १, ओळ ९, ११ आणि १४ बघ. एक शब्द संपला की लगेच त्याची रेघ ओढ आणि पेन उचल. ध, भ, थ आले की आधी गाठ, मग उजवीकडून रेघ. वळण आहे तसंच असू दे, ते छान आहे.”

दोन दिवसांनी दुसरा खर्डा आला. कोळशाच्या रेघेपासून सुरुवात, चार परिच्छेद, आकडे जागच्या जागी. हात ‘धरून’ निघाले होते. मात्र किती वेळात लिहिलं, ते फोटोत दिसत नाही, म्हणून विचारलं.

“मॅडम, तासभर लागला.”

परीक्षेत या ८ गुणांच्या निबंधाला एवढा वेळ कुठला? तेव्हा आईला घड्याळ लावून बसवायला सांगितलं. वीस मिनिटांत लिहिलेल्या पानावर वरचा अर्धा भाग नीट होता, खाली आल्यावर शिरोरेषा पुन्हा लांबू लागली होती. त्यानंतर ती रोज फक्त शेवटच्या दहा ओळी वेळ लावून लिहायची आणि तेवढाच फोटो मला पाठवायची.