शीबाइपो आणि एका सालगड्याचा हिशेब

शिजियाझुआंगला गेलो ते सोलापूरच्या डॉ. कोटणीसांच्या समाधीसाठी. फुलं वाहून झाली, पुढचा दिवस मोकळा होता, म्हणून शीबाइपोची बस धरली. त्याआधीच्या बीजिंगबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. गर्दी होती, पाय दुखले.

शीबाइपो हे हेबेईच्या डोंगरातलं खेडं. मे 1948 ते मार्च 1949 माओचा मुक्काम इथे होता आणि यादवी युद्धातल्या तीन निर्णायक मोहिमा इथल्या मातीच्या घरांतून तारा पाठवून चालवल्या गेल्या. आज दिसतात ती घरं मात्र मूळची नव्हेत. मूळ गाव गांगनान धरणाच्या पाण्याखाली गेलं, नंतर वरच्या अंगाला नवी घरं बांधली. हे कळल्यावर निम्मा उत्साह गेला. उरलेला निम्मा, भाड्याच्या राखाडी गणवेशात मुठी उगारून फोटो काढणाऱ्या सहलींनी संपवला.

थांबलो ते जमीन कायद्यापाशी. 1947 च्या जुलै ते सप्टेंबर इथे कम्युनिस्ट नेता ल्यू शाओचीच्या नेतृत्वाखाली परिषद भरली आणि 10 ऑक्टोबरला कायदा जाहीर झाला. गाभा सोपा आहे: कसेल त्याची जमीन. गावातली सगळी जमीन एकत्र करायची आणि डोक्यागणिक सारखी वाटायची. बाई, मूल, म्हातारं, सगळी डोकी धरायची. जास्तीची तोडून कमीला, सुपीक काढून हलकीला. जमीनदाराची गुरं, अवजारं, धान्य गावच्या शेतकरी संघटनेकडे. त्याच्या घरालाही इतरांइतकाच वाटा, एवढी तरतूद होती.

आता हे वाटायचं कोणी? फौज येऊन वाटून गेली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. कम्युनिस्ट पक्षाने ते गावाकडूनच करवून घेतलं. सभा भरायची, कुळाने उभं राहायचं, खंड कसा वसूल झाला, पोरगी कशी विकावी लागली, ते जमीनदाराच्या तोंडावर सांगायचं. मग शिक्षा. कित्येकदा तिथल्या तिथे मारहाण, कित्येकदा जीव घेणं. देशभर किती माणसं मेली याचे अंदाज काही लाखांपासून वीस लाखांच्याही वर जातात. एकदा त्या सभेत हात वर केलेल्या माणसाला मागे फिरता येत नसे. यादवीतल्या शत्रूची, म्हणजे सत्ताधारी कुओमिन्तांग पक्षाची फौज परतली की तिच्यामागून हाकललेले जमीनदारही सूड घ्यायला येत. आपली तीन-चार मू जमीन राखायची तर युद्ध जिंकणं भाग होतं. (एक मू म्हणजे आपले साधारण साडेसहा गुंठे.) त्या तीन मोहिमांपैकी हुआइहाइच्या मोहिमेत 54 लाख मजुरांनी धान्य-दारूगोळा वाहिल्याचं पक्ष सांगतो. ढकलगाड्यांवर जिंकलेली लढाई, असं सेनापती चेन यी म्हणायचा. कैद केलेल्या शत्रूच्या शिपायांकडूनही अशाच सभांत दुःखं बोलून घेत आणि त्यांना आपल्या पलटणीत भरत. समोरच्या बाजूची महागाई आणि भ्रष्टाचारही तितकेच कामी आले, हे मात्र तिथल्या फलकांवर मला पुरेसं दिसलं नाही.

आमची दुभाषी, शिजियाझुआंगची एक विद्यार्थिनी, इतका वेळ पाठ केल्यासारखं सांगत होती. जेवताना मात्र मोकळी झाली. तिच्या पणजोबांकडे एक सालगडी होता. "तेवढ्यावरून श्रीमंत शेतकरी ठरले," ती म्हणाली.

मी नॅपकिनवर गणित मांडलं. पक्षाच्या 1933 च्या नियमानुसार दुसऱ्याच्या श्रमातून येणारं उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या 15 टक्क्यांवर गेलं की माणूस श्रीमंत शेतकरी. समजा घरात दहा पोती, त्यातली दोन सालगड्याच्या कष्टाची, म्हणजे 20 टक्के. सापडलाच. जानेवारी 1948 मध्ये पक्षनेता रेन बिशीने ही हद्द 25 टक्क्यांवर नेली. त्या हिशेबाने तोच माणूस मध्यम शेतकरी, म्हणजे हात लावायचा नाही असा. हद्द बदलायचं कारण रेन बिशीनेच भाषणात दिलं होतं: शानशीतल्या त्साइच्याया गावी 552 घरांपैकी 124 जमीनदार-श्रीमंत ठरवली होती. शेकडा 22 च्या वर! त्याच्या मते हे प्रमाण सहसा आठच्या आसपास असायला हवं होतं. गावाने उत्पन्न मोजण्याऐवजी आजा-पणजाची मिळकत आणि राजकीय वागणूक बघितली होती.

"मग पणजोबांचा वर्ग बदलला का?" मी विचारलं.

"नाही. आमच्या गावाने एकदा लिहिलं ते लिहिलं."

तो शिक्का बापाकडून मुलाकडे गेला. आजोबांना सैन्यात घेतलं नाही, तिच्या बाबांना शाळेत पुढे बसू दिलं नाही. 1979 मध्ये सरकारने हे शिक्के काढायला सुरुवात केली तेव्हा कुठे सुटका झाली. आणि सालगड्याला मिळालेली जमीन? ती 1956 मध्ये सहकारी शेतीत गेली, त्यालाही कोणी विचारलं नाही. हे सांगताना तिने शेवटचा डंपलिंग माझ्या ताटात सरकवला आणि बिलही मला भरू दिलं नाही. त्या एका दुपारी चिनी पाहुणचाराबद्दलच्या माझ्या सगळ्या तक्रारी मागे घेतल्या, फक्त भाड्याचे गणवेश सोडून.