मोठ्या मराठी लेखांची पाने वाचनीय करताना

आमच्या वाचनालयाच्या त्रैमासिकातील जुने लेख संकेतस्थळावर चढवून झाले, तेव्हा अनेक ज्येष्ठ सभासदांनी एकच तक्रार केली: मजकूर दिसतो, पण दोन-तीन परिच्छेदांनंतर डोळे थकतात आणि ओळ हरवते. मांडणीसाठी घेतलेला आयता साचा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता. त्यामुळे मी रंग, चित्रे वगैरे बाजूला ठेवून फक्त ओळीची लांबी, ओळींमधील अंतर आणि शीर्षके यांवर काम करायचे ठरवले.

संगणकावर ओळ जवळजवळ अकराशे पिक्सेल रुंद होती आणि तीत वीसपेक्षा जास्त शब्द मावत होते. इतक्या लांब ओळीच्या शेवटाहून नजर परत डावीकडे आणताना पुढची ओळ चुकते, आणि वाचक तीच ओळ पुन्हा वाचू लागतो. रुंदीवर मर्यादा घालण्यासाठी ch हे एकक सर्रास सुचवले जाते, परंतु ते रोमन 0 या अंकाच्या रुंदीवर ठरते. आमच्या फॉन्टच्या यादीत रोमन फॉन्ट आधी असल्याने त्या मापाचा देवनागरी अक्षरांशी काहीच संबंध उरत नव्हता. म्हणून मी em हे एकक घेतले आणि अक्षरांऐवजी एका ओळीतले शब्द मोजले. मराठीत जोडाक्षरे आणि मात्रांमुळे अक्षरांची मोजणी फसवी ठरते. ओळीत साधारण बारा शब्द आले की वाचन सुरळीत होते, असे मला आढळले. आमच्या फॉन्टमध्ये त्यासाठी 34em रुंदी पुरली.

सर्वाधिक वेळ ओळींमधील अंतराने घेतला, आणि तो घेणे योग्यच होते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार असतात, तर खाली उकार, ऋकार आणि पाय जोडलेली अक्षरे असतात. रोमन मजकुराला 1.5 पट अंतर बहुधा पुरते. आमच्या फॉन्टला तेवढ्यात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांना जवळजवळ टेकत होते. 1.75 वर पाने मोकळी झाली. त्यापुढे 2 करून पाहिले, तेव्हा ओळी एकमेकींपासून सुटल्या आणि परिच्छेद एकसंध दिसेना.

याच ठिकाणी शीर्षकांचा बिघाडही उलगडला. साच्यात मूळ मजकुराला line-height: 1.75em असे दिले होते. एकक जोडले की त्याची किंमत तिथेच ठरते: 18 पिक्सेलच्या मजकुरासाठी 31.5 पिक्सेल. तीच ठरलेली किंमत 32 पिक्सेलच्या शीर्षकाकडे वारशाने जाते, म्हणजे ओळीची उंची अक्षराच्या मापाहूनही कमी होते. एका ओळीच्या शीर्षकात हे कळत नाही; दोन ओळी झाल्या की मात्रा एकमेकींवर चढतात. म्हणून तपासणीसाठी मी मुद्दाम असे शीर्षक लिहिले, ज्याच्या पहिल्या ओळीत ‘शुश्रूषा’ आणि दुसऱ्या ओळीत ‘कीर्ती’, ‘सर्वांगीण’ असे शब्द येतील. उपाय म्हणजे एकक काढून केवळ गुणक देणे, म्हणजे प्रत्येक घटक आपल्या मापाने उंची ठरवतो.

```css
article { font-size: 1.125rem; line-height: 1.75; max-width: 34em; }
article h2 {
  font-size: 1.45em; line-height: 1.4;
  margin: 1.8em 0 0.5em; letter-spacing: normal;
}
```

मजकुराचे माप rem मध्ये देण्याचे कारण असे की ज्या वाचकाने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठे करून ठेवले आहे, त्याची निवड पिक्सेलमधील माप धुडकावते. साच्यातील शीर्षकांना letter-spacing दिलेले होते, तेही काढले. त्याने अक्षरे सुटी होऊन शिरोरेषा तुटते.

उपशीर्षकाच्या वर सुमारे 47 पिक्सेल आणि खाली 13 पिक्सेल जागा राहते. पूर्वी दोन्हीकडे समान जागा होती, त्यामुळे उपशीर्षक वरच्या परिच्छेदाचे की खालच्या, हे पान भराभर सरकवताना समजत नसे. मापांत मोठी उडीही लागली नाही: मुख्य शीर्षक मजकुराच्या 1.8 पट, त्याखालची 1.45 आणि 1.2 पट. फोनवर मात्र मुख्य शीर्षक 1.5 पटीवर आणावे लागले, कारण ‘सहकारमहर्षींच्या’ यासारखा शब्द एकटाच ओळ व्यापत होता.

दोन्ही कडा जुळवणारी मांडणी मी सर्वत्र रद्द केली. छापील अंकात ती शोभते, पण फोनवरील सहा-सात शब्दांच्या ओळीत एक लांब सामासिक शब्द खाली गेला, की उरलेल्या शब्दांमध्ये खिंडारे पडतात.

कवितांसाठी वेगळी सोय करावी लागली. अरुंद पडद्यावर चरण मध्येच मोडला, तर तो पुढचा चरण वाटतो. म्हणून प्रत्येक चरण स्वतंत्र घटकात ठेवला, त्याला padding-left: 2em आणि text-indent: -2em दिले, आणि मोडलेला भाग आत सरकून उभा राहू लागला.