भित्तिचित्रांचा अर्ज, तिसरा खर्डा: १२६ फोटो की २४?

जुन्या वाड्यांतल्या भित्तिचित्रांची फोटो काढून नोंद करायला अनुदान मागतोय, त्या अर्जातलं निवेदन पुन्हा लिहायला घेतलंय. पहिल्या खर्ड्यात मी ठोकून दिलं होतं, 'गावातील सर्व भित्तिचित्रांचे संपूर्ण दस्तऐवजीकरण.' एका जाणकार मित्राने वाचून एवढंच विचारलं, "संपूर्ण म्हणजे किती?" उत्तर नव्हतं. म्हणून एकच भिंत घेऊन हिशेब मांडला.

गाव बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीकडचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, घरवाल्यांना बघ्यांची रीघ नकोय. वाड्याच्या सोप्यात देवळीच्या वर गजेंद्रमोक्ष काढलेला आहे. भिंत ३.६ मीटर रुंद, २.४ मीटर उंच. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. भिंतीच्या एका मिलिमीटरला १० पिक्सेल हवे असतील तर एका फोटोत ६० बाय ४० सेंटिमीटरच मावतात. फोटो नीट जोडले जावेत म्हणून आडवे ६० टक्के आणि उभे ३० टक्के एकमेकांवर चढवायचे. असे एका आडव्या ओळीत १४ आणि अशा ९ ओळी, एकूण १२६ फोटो होतात. मिलिमीटरला ५ पिक्सेलवर भागवलं तर ६ गुणिले ४, फक्त २४.

कुंचल्याची रेघ साधारण मिलिमीटरभर जाड आहे, तिला ५ पिक्सेल पुरतात. केसासारख्या भेगांना मात्र पुरत नाहीत. म्हणून निवेदनात आता असं लिहिलंय: सबंध भिंत ५ पिक्सेलने, आणि चेहरे व पापुद्रे सुटलेल्या जागा १० ने. अर्ज वाचणाऱ्याला 'उच्च दर्जाची छायाचित्रे' यापेक्षा यातून जास्त कळतं, आणि उद्या कुणी तपासायला आलं तर आपणही अडचणीत येत नाही.

याच हिशेबात एक घोळ उघडा पडला. उपकरणांच्या यादीत मी ५० मिमीची लेन्स लिहून बसलो होतो. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर क्रॉप, म्हणजे लहान आकाराचा. त्यावर तिने ५ पिक्सेलच्या हिशेबाची १.२ मीटर रुंदी टिपायची तर अडीच मीटर मागं सरावं लागतं. सोपा २.१ मीटरचा, आणि मागं लाकडी कठडा! ३५ मिमीला १.८ मीटर पुरतात, कठड्याला पाठ टेकवून जमतं. जागा टेपनं मोजल्याशिवाय यादी करू नका.

खरा धडा वेगळाच मिळाला. चाचणीचे फोटो काढताना घरातले आजोबा कौतुकाने ओलं फडकं घेऊन आले आणि हत्तीच्या पाठीवरून फिरवलंच. "बघा की, आता कसं उठून दिसतंय!" दिसत होतं खरं. पण फडक्याला गेरूचा तांबूस डाग लागला होता. जिनगर कारागिराने काढलेलं म्हणून अभिमानाने सांगणारे आजोबाच दर सणाला ते पुसत आलेले. मी "आजोबा, राहू द्या" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. निवेदनात त्यामुळे एक वाक्य वाढलं: भिंतीला पाणी, तेल, फडकं किंवा ब्रश लावणार नाही, चुन्याखाली चित्र दिसलं तरी खरवडणार नाही. ते काम संवर्धकाचं. आम्ही फक्त नोंद करणार.

चुना कुठं सुटतोय हे हात न लावता कळायला एलईडी दिवा भिंतीच्या अगदी कडेला, जवळजवळ समांतर धरायचा. फुगलेल्या गिलाव्याची सावली लगेच पडते. समोरून उजेड टाकला तर तीच जागा सपाट दिसते. आमच्या भिंतीवर खालची हातभर पट्टी अशी फुगलेली निघाली, वर पांढरा खार. बाहेरच्या बाजूला अलीकडे सिमेंटचा गिलावा केलाय. त्यातून ओल बाहेर पडत नाही, मग ती आतल्या चुन्यातून वाट काढते आणि सुकताना क्षार मागं सोडते. म्हणून एकदाच फोटो काढून उपयोग नाही. एप्रिलमध्ये एकदा आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये पुन्हा, कॅमेऱ्याची तिवई त्याच खुणेवर ठेवून. एका भिंतीला दोन फेऱ्या लागतात म्हटल्यावर 'सर्व भित्तिचित्रे' खोडलं आणि सहा भिंती लिहिल्या. आकडा लहान वाटतो, पण तो निभावता येईल.

बजेटमध्ये पूर्वी कॅमेऱ्यावरच सगळा जोर होता. आता मराठी आणि कन्नड दोन्हीतल्या मुलाखती उतरवून घेण्याचं मानधन वेगळं दाखवलंय. आजोबा मराठीत बोलतात, शेजारच्या आज्जी कन्नडमध्ये, आणि चित्राची गोष्ट दोघांची जुळत नाही. दोन्ही जशाच्या तशा ठेवणार.

वाडा चार भावांच्या नावावर आहे, त्यामुळे संमतिपत्रावर चारही सह्या लागणार. फोटो कुठं ठेवायचे आणि कुणाला दाखवायचे, हेही त्याच कागदावर लिहून घेतोय. तीन सह्या झाल्यात. चौथे काका पुण्यात असतात, पाडव्याला येतो म्हणालेत.